मदत हवी आहे: हिस्सा 12 वरून 7 टक्क्यांवर, एनसीएलटीत नेमकं काय मागावं?

आमच्या कुटुंबाच्या प्रायव्हेट लिमिटेड कंपनीत 14 सभासद आहेत. मला ऑफर लेटर न देताच संचालकांनी नवे शेअर्स स्वतःच घेतले. पीएएस-3 फॉर्म पाहिला तेव्हा कळलं, माझा 12 टक्के हिस्सा 7 वर आलाय.

दिवाणी कोर्टाचा रस्ता कलम 430 मुळे बंद दिसतो, म्हणून 241 खाली एनसीएलटी. कलम 244 ची 10 टक्क्यांची अट वाटपाआधीच्या हिश्शावर मोजतात ना? नाहीतर बहिणीची लेखी संमती घेईन. तिचे शेअर्स वेगळे आहेत, त्यामुळे एक-दशांश सभासद होतात.

खरी अडचण मागणीची. वाटप रद्द करून घ्यावं, की योग्य किमतीला शेअर्स विकून बाहेर पडावं? दोन्ही पर्यायी मागण्या एकाच अर्जात चालतील का? आणखी वाटप होऊ नये म्हणून अंतरिम स्थगिती तर लगेच हवीच. अनुभवी मंडळींनी कृपया सांगा.