मदत हवी आहे: काका 'न…' वर अडकतात, तेव्हा मी नेमकं काय करू?

गच्चीवरचा_माळी

मंडळी, प्रश्न छोटा आहे, पण दोन महिने डोक्यात आहे.

आमच्या सोसायटीत (नाशिक) चौथ्या मजल्यावर नवीन काका राहायला आलेत. निवृत्त आहेत, पासष्टीच्या आसपास. बोलताना अडखळतात. रोज सकाळी साडेसहाला लिफ्टपाशी किंवा गेटवर आमची गाठ पडते. ते हात जोडतात, तोंड उघडतात आणि 'न…न…' वर थांबतात. जीभ दातांमागे चिकटल्यासारखी दिसते, मान थोडी झटकली जाते, डोळे मिटतात. मला ते बघवत नाही, म्हणून मी चटकन 'नमस्कार नमस्कार काका!' म्हणून मोकळा होतो. ते हसतात आणि हात खाली घेतात. मला वाटायचं, चला, त्यांची सुटका केली.

गेल्या महिन्यात गंमत झाली. गंमत कसली, फजितीच. काका 'न…' म्हणाले, मी सवयीने नमस्कार ठोकला आणि लिफ्टचं बटण दाबलं. ते हातवारे करत राहिले, दार लागलं. दुपारी कळलं की त्यांना 'नळ' म्हणायचं होतं. मी गच्चीवर कुंड्यांना पाणी घालून नळ तसाच सोडून आलो होतो. अर्धी टाकी रिकामी, सेक्रेटरीचे बोल खाल्ले ते वेगळेच.

तेव्हापासून काका मला पाहिलं की जिन्याने जातात. चौथ्या मजल्यावरून!

आणि एक कोडं. हेच काका वॉचमनशी गुलाबाच्या छाटणीवर पाच-पाच मिनिटं बोलतात, अधूनमधून थोडे अडकतात इतकंच. मग साध्या नमस्कारालाच काय होतं? मी त्यांचा शब्द पुरा करू नये हे आता कळलंय, पण न करता उभं कसं राहायचं? कुठे बघायचं? किती वेळ?

---

बंड्या_सातपूर

सोपं आहे भाऊ. नजर दुसरीकडे वळवा, मोबाइल बघा. समोरच्याला दडपण येत नाही. आणि काकांना सांगा, दीर्घ श्वास घ्या, सावकाश बोला, घाई नाही. माझ्या चुलतभावाला आम्ही हेच सांगायचो.

---

वैद्यबुवांची_नात

वेखंड मधात उगाळून रोज सकाळी जिभेला लावा म्हणावं. शिवाय तोंडात गोटी ठेवून मोठ्याने वाचायचं. आमच्याकडे एक जण असाच बरा झाला होता.

---

गच्चीवरचा_माळी

ताई, औषध मला नको हो, त्यांनीही मागितलेलं नाही. मला माझं वागणं सुधारायचंय.

---

अडखळेबुवा

नावावरून ओळखलंच असेल. वय 44, पहिलीपासून अडखळतो, आजही. गोटीचं आधी सांगतो: माझ्याही तोंडात घातली होती, एकदा गिळता गिळता वाचलो. कृपया कुणाला सांगू नका.

आता माळीबुवांचं कोडं. गुलाबाबद्दल बोलताना काकांकडे वाटा पुष्कळ असतात. 'छाटणी' अडतंय असं आतून जाणवलं की 'कापायचं' म्हणता येतं, वाक्य फिरवता येतं. आम्ही अडखळणारे दिवसभर हाच उद्योग करतो, समोरच्याला पत्ताही लागत नाही. नमस्काराला मात्र पर्याय नाही. शब्द ठरलेला, वेळ ठरलेली, समोरचा वाट बघतोय, आणि बोलण्याची सुरुवातच त्या शब्दाने. बहुतेक अडखळणं सुरुवातीच्या आवाजावरच होतं. स्वतःचं नाव सांगताना हीच गत, कारण नाव बदलता येत नाही. मी पुण्याहून गावी जाताना नारायणगावचं 'ना' निघेना म्हणून जास्त पैसे देऊन आळेफाट्याचं तिकीट काढायचो आणि नारायणगावला उतरायचो. पाच वर्षं.

'न' वर आत काय होतं तेही सांगतो. शब्द आठवत नाही असं नसतं. शब्द ओठांशी तयार असतो. घशातून हवा यायची थांबते, जीभ जाग्यावर दाबून बसते, आणि जोर लावला की आणखी घट्ट. तो जोर सुटतो तेव्हा शब्द बाहेर पडतो. नेमक्या त्या सुटण्याच्या आधी तुम्ही 'नमस्कार' म्हणालात, की माझी मेहनत फुकट गेली. आता मी पुन्हा पहिल्यापासून म्हणू, की सोडून देऊ? बहुतेक वेळा सोडून देतो. आणि मनात नोंद होते की या माणसासमोर मला वेळ कमी आहे. दुसऱ्या दिवशी त्याला लांबून बघितलं तरी घसा आवळतो. काका जिना का चढतात ते यात आलं.

बंड्याभाऊ, तुमचं अर्धं बरोबर. टक लावून ओठांकडे बघू नये, खरंय. पण मोबाइल काढलात की मला दिसतं, हा कंटाळला. नेहमी जसं चेहऱ्याकडे बघता तसं बघा. आणि 'दीर्घ श्वास घ्या' हे आम्ही इतक्या वेळा ऐकलंय की त्यानेच श्वास अडकतो.

---

बंड्या_सातपूर

चुलतभाऊ आमच्याशी बोलायचाच कमी, ते यामुळे असेल का? असो. चूक मान्य.

---

निमा_गोखलेनगर

माझा मुलगा साडेतीन वर्षांचा आहे, दोन महिन्यांपासून 'आ-आ-आ-आई' करतोय. सासूबाई म्हणतात नीट बोल. त्यालाही शब्द पूर्ण करू द्यायचा का? की टोकायचं?

---

अडखळेबुवा

निमाताई, टोकू नका, पूर्ण करू द्या. या वयात पुष्कळ मुलं अडखळतात आणि बहुतेकांचं आपोआप थांबतं. पण सहा महिने टिकलं, घरात आणखी कुणी अडखळणारं असलं, किंवा बोलताना तो चेहरा आवळायला लागला, तर वाचा-उपचार तज्ज्ञाला दाखवा. पुण्यात मिळतील, मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग संस्था आहे. यापुढचं वेगळ्या धाग्यात बोलू, हा काकांचा आहे.

---

हेडफोन_काढला

मी चार वर्षं कॉल सेंटरला होते. फोनवर नुसती शांतता आली की आम्ही 'हॅलो? हॅलो?' दोनदा म्हणायचो आणि कट करायचो. एक नंबर सलग तीन वेळा आला, तीनदा कापला. चौथ्यांदा नेमकं माझं लक्ष गेलं, मागे बारीक श्वास ओढल्याचा आवाज येत होता. गप्प बसले. बऱ्याच वेळाने 'म…माझं कार्ड' आलं. फोनवर अशा वेळी काय करायचं?

---

अडखळेबुवा

एकदाच म्हणायचं, 'ऐकतेय, बोला.' आणि मग खरंच ऐकायचं. प्रत्येक 'हॅलो' आम्हाला पहिल्या पायरीवर आणून सोडतो.

---

ताल_तीनताल

गाताना माणूस अडखळत नाही म्हणतात. मग माळीबुवांनी काकांबरोबर एका सुरात 'नमस्कार' म्हणावं ना! दोघं एकदम.

---

अडखळेबुवा

निरीक्षण पक्कं आहे. गणपतीच्या आरतीत, हरिपाठात मी आजवर एकदाही अडकलेलो नाही. दुसऱ्या आवाजाबरोबर बोललं की अडखळणं जवळपास नाहीसं होतं. पण काका 'न' वर उभे असताना तुम्ही सूर लावलात, तर त्यांना ते शब्द हिसकावल्यासारखंच वाटणार. आरती वेगळी, भेट वेगळी.

माळीबुवा, तुमच्या प्रश्नावर येतो. उद्या ते दिसले की थांबा. चालत राहू नका, बटणाकडे हात नेऊ नका. त्यांनी तोंड उघडलं असेल तर तुम्ही गप्प. 'हं हं' नको, मान भराभर हलवणंही नको, ती चाबकासारखी लागते. चेहरा नेहमीचा ठेवा, दयाळू करू नका. शब्द पुरा झाला की क्षणभर थांबून तुमचा नमस्कार म्हणा, कारण पुष्कळदा नमस्काराच्या मागे 'नळ' असतो. अजून तोंड आवळलेलं, श्वास रोखलेला दिसला, तर ते अडकलेत. चेहरा सैल झाला की त्यांचं बोलून झालं. त्यांनी तोंड उघडलेलं नसेल तर तुम्ही आधी नमस्कार केलात तरी चालेल, फक्त उत्तराची वसुली करत उभे राहू नका. नुसते हात जोडले तरी नमस्कार झालाच.

---

शिवनेरी_एक्सप्रेस

मीही अडखळतो आणि अडखळेबुवांशी थोडा असहमत आहे. मागे रांग असताना कंडक्टरने 'नारायणगाव का?' विचारलं तर मला बरं वाटतं. प्रत्येक वेळी लढाई कशाला?

---

अडखळेबुवा

तुमचं तुम्हाला लखलाभ. तो निदान विचारतो तरी, आणि 'हो' म्हणून तुम्ही मोकळे होता. मला तेही नको असतं. म्हणूनच काकांना एकदा विचारलेलं बरं. पण लिफ्टपाशी, ते अडकलेले असताना अजिबात नाही. गुलाबांपाशी, निवांत.

---

हेडफोन_काढला

पासष्टीच्या माणसाला तोंडावर विचारायचं? माझ्या बाबांना कुणी असं विचारलं असतं तर त्यांनी बोलणंच टाकलं असतं. मला नाही पटत.

---

गच्चीवरचा_माळी

सगळ्यांचे आभार. काय झालं ते सांगतो.

पहिले तीन दिवस काका भेटलेच नाहीत, जिनाच चालू होता. मग काल मीच जिन्याने उतरलो. दुसऱ्या मजल्यावर गाठ पडली. त्यांनी हात जोडले, 'न…' सुरू झालं. मी कठड्याला हात लावून थांबलो. घाबरून मनात आकडे मोजत होतो. मला वाटलं अर्धं मिनिट झालं, पण आकडा चारवर होता. पाचव्याला 'नमस्कार' आलं, सबंध. मी क्षणभर थांबलो, तर खरोखर पुढे आलं: 'आज न…नळ बंद केलात का?'

मी हसलो, तेही हसले. मग घाईघाईत 'हो हो काका, केला केला' म्हणत मी पुढचं काहीतरी त्यांचं बोलणं कापलंच. ते 'ग…' म्हणत होते. गुलाब असेल, गच्ची असेल, कुणास ठाऊक.

विचारायचं की नाही ते अजून ठरत नाहीये. हेडफोनताईंचं म्हणणंही पटतं. रविवारी ते खाली छाटणीला असतात, तेव्हा आधी त्या 'ग'चं बघतो.

---

ताल_तीनताल

गणपतीची वर्गणी असेल हो.