बेकरीच्या ईमेल न्यूजलेटरची सब्जेक्ट लाइन: उघडावीशी वाटेल पण जाहिरातबाज वाटणार नाही, अशी कशी लिहायची?

लोफवाली
बेकरीचं न्यूजलेटर दर बुधवारी सकाळी जातं. लिस्टमध्ये ६२० पत्ते आहेत, सगळे दुकानात स्वतःहून नाव नोंदवलेल्यांचे. ओपन रेट हळूहळू उतरतोय. गेल्या काही सब्जेक्ट लाइन अशा होत्या: "या महिन्याचे न्यूजलेटर", "धमाका ऑफर!!! आजच भेट द्या" आणि "काहीतरी खास येतंय..."

या बुधवारच्या मेलमध्ये तीन गोष्टी आहेत: शनिवारी मिळणारा जवसाचा ब्रेड (ऑर्डर गुरुवारी संध्याकाळपर्यंत), कुकीजवर सवलत आणि सोमवारची सुट्टी. सब्जेक्ट लाइन काय द्यावी?

कपकेक_कॉर्नर
दोन नियम पाळा. "मोफत", "सवलत", "ऑफर" हे शब्द कधीच वापरू नका, फिल्टर लगेच स्पॅममध्ये टाकतो. आणि ५० अक्षरांच्या वर जाऊ नका. शिवाय वाचणाऱ्याचं नाव सुरुवातीला घाला, लोक आपलं नाव दिसलं की उघडतातच.

टपालपेटी
लोफवाली, तुमच्या तिन्ही ओळींची अडचण एकच आहे. मेल न उघडता आत काय आहे ते कळत नाही. पहिली ओळ नुसतं पाकीट दाखवते, दुसरी ओरडते, तिसरी लपवाछपवी करते. "काहीतरी खास"वर एकदा लोक उघडतात, आत नेहमीच्याच कुकीज निघाल्या की पुढच्या वेळी सोडून देतात. बेकरीचं गिऱ्हाईक दर आठवड्याला तेच असतं, त्यामुळे ही फसगत लवकर अंगाशी येते.

आधी तीनपैकी एक गोष्ट निवडा. ज्या गोष्टीला मुदत आहे ती पुढे येते, म्हणजे ब्रेड. गिऱ्हाईक घरात दुसऱ्याला एका वाक्यात काय सांगेल? "शनिवारी जवसाचा ब्रेड आहे, गुरुवारपर्यंत सांगायचंय." तेच वाक्य थोडं आवळा:

शनिवारी जवसाचा ब्रेड, ऑर्डर गुरुवारपर्यंत

पदार्थाचं नाव पहिल्या दोन-तीन शब्दांतच आलं पाहिजे, कारण फोनवर शेपूट कापलं जातं. "लवकरच", "मर्यादित काळासाठी" यांच्या जागी खरा वार लिहा. वार खरा असला की घाई दाखवायला उद्गारचिन्ह लागत नाही. दुकानाचं नाव मात्र इथे नको. ते पाठवणाऱ्याच्या नावात असतंच, दोनदा लिहिलं तर कामाची जागा वाया जाते.

आता प्रीव्ह्यू टेक्स्ट, म्हणजे सब्जेक्टच्या शेजारी फिकट दिसणारी ओळ. ती रिकामी ठेवली तर मेलमधला पहिला मजकूर तिथे येतो, आणि बऱ्याच टेम्प्लेटांत तो "हा मेल ब्राउझरमध्ये पाहा" असा असतो. तिथे उरलेल्या दोन गोष्टी जातील: "कुकीजवर सवलतही आहे. सोमवारी दुकान बंद." सब्जेक्टचेच शब्द तिथे पुन्हा लिहू नका.

कपकेक_कॉर्नर, ५० चा आकडा मराठीला तसाच लावता येत नाही. वरच्या ओळीला कॅरेक्टर काउंटर ४१ दाखवेल, पण डोळ्यांना अक्षरं दिसतात २०, कारण काना, वेलांटी, अनुस्वार, जोडाक्षरातलं हलन्त चिन्ह हे सगळं वेगवेगळं मोजलं जातं. म्हणून मोजत बसण्यापेक्षा स्वतःला टेस्ट मेल पाठवा आणि दोन वेगवेगळ्या फोनवर इनबॉक्सची यादी पाहा. "ब्रेड" आणि "गुरुवार" दिसले तर ओळ चालेल. "गुरुवार" कापला जात असेल तर वार पुढे घ्या: "गुरुवारपर्यंत सांगा: जवसाचा ब्रेड".

कपकेक_कॉर्नर
बरं, मोजणीचं पटलं. पण स्पॅम शब्दांची यादी खोटी आहे का? सगळीकडे तेच सांगतात.

टपालपेटी
अर्धं खरं आहे. एका "सवलत" शब्दाने मेल स्पॅममध्ये जात नाही. पाठवणाऱ्याच्या डोमेनची पत आणि लोक "स्पॅम" बटण किती दाबतात, याचं वजन खूप जास्त असतं. पाठवणाऱ्यांनी ही तक्रार ०.३ टक्क्यांपर्यंत पोचू देऊ नये, शक्यतो ०.१ च्या खाली ठेवावी, असं जीमेल सांगतं. ६२० च्या लिस्टमध्ये दोघांनी बटण दाबलं तरी ०.३२ टक्के होतात. "धमाका!!!" त्यामुळे नडतो. वैतागलेला माणूस अनसबस्क्राइब शोधत बसत नाही, हाताशी येणारं बटण दाबतो.

"कुकीजवर सवलत, शनिवारपर्यंत" ही साधी माहिती आहे, खुशाल लिहा. नावाबद्दल मी सावध राहीन. लिस्टमध्ये नाव नसलेला एक जरी पत्ता असला आणि पर्यायी शब्द भरलेला नसला, तर "नमस्कार ," असं भोक पडतं.

आयसिंग
माझाही हाच त्रास आहे. केकच्या ऑर्डरीचे मेल जीमेलमध्ये प्रमोशन्स टॅबमध्ये जातात, म्हणजे स्पॅमच झालं ना. सब्जेक्टच्या सुरुवातीला Re: लावलं तर मुख्य इनबॉक्समध्ये येतात म्हणे. करून पाहावं का?

टपालपेटी
नका करू. प्रमोशन्स म्हणजे स्पॅम नाही, तो इनबॉक्सचाच एक कप्पा आहे आणि खरेदीच्या मनःस्थितीतली माणसं तिथे जातात. उत्तर नसताना Re: किंवा Fwd: लावू नये असं जीमेलच्या पाठवणाऱ्यांसाठीच्या सूचनांमध्ये स्पष्ट आहे, आणि गिऱ्हाइकाला ती लबाडी लगेच कळते. तुमचे मेल खरोखर स्पॅम फोल्डरमध्ये जात असतील तर सब्जेक्ट सोडा, आधी डोमेनचं SPF, DKIM आणि DMARC, म्हणजे मेल खरंच तुमच्याच डोमेनवरून आलाय हे पटवणाऱ्या सेटिंग्ज, नीट लावल्यात का ते बघा.

आकडेमोड
लोफवाली, ए/बी टेस्ट करा ना. अर्ध्यांना एक ओळ, अर्ध्यांना दुसरी. जिंकेल ती खरी.

टपालपेटी
६२० मध्ये त्यातून फारसं निघत नाही. ३१०-३१० चे दोन गट केले, एकात ७८ जणांनी उघडलं, दुसऱ्यात ९३ जणांनी, म्हणजे २५ आणि ३० टक्के. दिसायला मोठा फरक, पण एवढ्या गटात तो निव्वळ योगायोगानेही पडतो. इतका फरक भरवशाने पकडायला प्रत्येक गटात हजाराच्या वर, साधारण साडेबाराशे माणसं हवीत.

शिवाय २०२१ पासून ॲपलचं मेल ॲप, प्रायव्हसीची सोय चालू असेल तर, मेलमधली चित्रं आपणच आधी उतरवून घेतं. माणसाने न पाहताही मेल उघडल्याची नोंद होते. म्हणून ओपन रेटकडे कल म्हणून बघा. खरी खूण म्हणजे लिंकवर किती जणांनी टिचकी मारली आणि गुरुवारपर्यंत किती ब्रेड नोंदले गेले. पदार्थ आणि वार सांगणारी पद्धत आठ-दहा बुधवार सलग चालवा आणि आधीच्या तेवढ्याच बुधवारांशी ताडून पाहा.

आकडेमोड
मान्य. पण मग सणासुदीचे आठवडे त्यातून वगळावे लागतील, नाहीतर ऑर्डरी सब्जेक्टमुळे वाढल्या की सणामुळे, ते कळणार नाही.

टपालपेटी
बरोबर, ते वगळाच.

लोफवाली
तुमची ओळ आणि प्रीव्ह्यू टेक्स्ट घेतेय. त्यानंतरच्या बुधवारसाठी लिहून पाहिलं: "🥐 ताजे क्रोसाँ आता रोज सकाळी उपलब्ध". चालेल का?

कपकेक_कॉर्नर
इमोजी ठेवा. काळ्या अक्षरांच्या यादीत तेवढंच नजरेत भरतं.

टपालपेटी
मी इमोजी काढेन, निदान सुरुवातीचा तरी. पहिली जागा शब्दाची. पण एक इमोजी असल्याने बिघडत काही नाही, यावर मतं वेगळी असू शकतात. "ताजे" आणि "उपलब्ध" मात्र जाऊ दे. बेकरीत शिळं कोण विकतं? त्यांच्या जागी वेळ घाला: "क्रोसाँ आता रोज सकाळी ८ पासून". आणि ८ ला ट्रे खरंच बाहेर येत नसेल तर साडेआठ लिहा.