मदत हवी आहे: 'सायलेन्स' ते 'कट', कोणी कधी काय म्हणायचं?

नवखा_एडी: फोंड्याजवळच्या एका जुन्या घरात शॉर्टफिल्म चालू आहे. मी पहिल्यांदाच असिस्टंट डिरेक्टर. काल आजी विळीवर नारळ खवत बोलतात तो शॉट होता. मी 'सायलेन्स, रोल कॅमेरा, रोल साउंड' एका दमात म्हटलं. कॅमेरावाला 'रोलिंग' म्हणाला, क्लॅप वाजली, डिरेक्टरने 'अ‍ॅक्शन' दिलं. साउंडवाला गप्पच होता. त्याने क्लॅपनंतर बटण दाबलं! मधेच पाव विकणाऱ्या पोदेराचा भोंगा वाजला, म्हणून मी 'कट' ओरडलो. डिरेक्टर अजून बोलत नाही. क्रम कुठे चुकला? आणि टेक वाचेल का?

रीळवेडा: साउंड आधी, कारण फिल्म महाग होती. आता कार्डावर शूट होतं, क्रम कसाही चालतो.

बूमवाला: अर्धं खरं. फिल्म वाचवणं हे कारण होतंच, शिवाय जुन्या टेप मशीनला वेग धरायला वेळ लागायचा, म्हणून तर 'स्पीड' म्हणायची पद्धत. पण क्रमाचा आजचा उपयोग वेगळा आहे: प्रत्येक हाकेला उत्तर येईपर्यंत पुढची हाक द्यायची नाही. 'सायलेन्स' म्हणून दोन सेकंद कान द्या. पंखा, फ्रिज बंद? (फ्रिज बंद केलात तर स्कूटरची चावी आतच ठेवा, म्हणजे निघताना तो चालू करायचं विसरणार नाही.) मग 'रोल साउंड', त्याचं 'स्पीड'. मग 'रोल कॅमेरा', त्याचं 'रोलिंग'. मग सीन आणि टेक नंबर सांगून क्लॅप, क्लॅपवाला फ्रेमबाहेर, कॅमेऱ्याकडून 'सेट', आणि डिरेक्टरचं 'अ‍ॅक्शन'. क्लॅपच्या फळ्या मिटतात ती फ्रेम आणि तो 'टक्' जुळवायचा असतो. तुमच्याकडे फ्रेम आहे, 'टक्' नाही.

पेडण्याचा_नट: आमच्या जत्रेतल्या नाटकात तिसरी घंटा झाली की पडदा उघडतो, नट तयार असो वा नसो. तसंच हे?

बूमवाला: उलटं आहे, दादा. इथे एक जण जरी तयार नसला तरी पडदा उघडत नाही.

नवखा_एडी: मग टेक गेलाच?

बूमवाला: कॅमेऱ्याचा स्वतःचा माइक चालू होता का? असेल तर त्याच्या आवाजाची लाट साउंडच्या लाटेवर बसवा. नसेल तर आजी वाटी खाली ठेवतात असा एखादा ठोका शोधा. एका सेकंदाला २५ फ्रेम असतील तर एक फ्रेम म्हणजे ४० मिलिसेकंद. बोलणाऱ्या ओठांवर दोन-तीन फ्रेमची चूकसुद्धा खटकते. आणि पुढे कधी क्लॅप राहिली तर 'कट'च्या आधी 'एंड बोर्ड' सांगा, पाटी उलटी धरून शेवटी वाजवायची.

नवखा_एडी: माइक चालू होता! पण भोंगा?

बूमवाला: तेवढा आवाज दुसऱ्या टेकमधून घेता आला असता. तुमच्या 'कट'मुळे चित्रच थांबलं. कोणाला इजा होणार असेल तर कोणीही ओरडावं, एरवी 'कट' डिरेक्टरचा.

रीळवेडा: आमच्या सेटवर साउंडवाला हात वर करायचा, मग डिरेक्टर ठरवायचा.

बूमवाला: मला ते पटत नाही. नटाचं लक्ष हाताकडे जातं.

नवखा_एडी: उद्या पहाटेच सुरू करतोय. पण पोदेर तर तेव्हाच येतो ना!