मदत हवी आहे: कस्टमरच्या रिप्लायची वाट बघताना एसएलएचं घड्याळ कधी थांबवायचं?

आमची सात जणांची सपोर्ट टीम आहे, जिरा सर्व्हिस मॅनेजमेंट वापरतो. कामाची वेळ सोम ते शुक्र १० ते ७, तिकीट सोडवायचं टार्गेट ८ तास. स्टेटस `Waiting for customer` केलं की घड्याळ थांबतं आणि कस्टमरची कमेंट आली की ऑटोमेशनने परत सुरू होतं, इथपर्यंत नीट चाललंय. पहिल्या रिस्पॉन्सच्या घड्याळाला पॉज ठेवलेलाच नाही, त्यामुळे तो वाद नाही.

घोळ पुढे आहे. मागच्या आठवड्यातलं एक तिकीट सोमवारी १० ला आलं, साडेअकराला आम्ही लॉग मागितले, ते बुधवारी संध्याकाळी ६ ला आले आणि गुरुवारी साडेअकराला काम झालं. रिपोर्ट म्हणतो ४ तास, कस्टमर म्हणतो चार दिवस लावलेत, आणि खरं सांगायचं तर दोघंही बरोबर आहेत! वर काही जण नुसतं "बघतोय, कळवतो" लिहून पॉज मारतात, म्हणजे प्रश्न विचारलेलाच नाही आणि घड्याळ मात्र बंद.

पॉज करताना "कस्टमरकडून नक्की काय हवंय" हे फील्ड कंपल्सरी केलं, तर लोक त्यात टिंब टाकून मोकळे. पॉज पूर्ण काढूनही पाहिला, तर हेच तिकीट साडेअठ्ठावीस तासांचं दिसतं, तेही अन्यायच. नवीन टूल घ्यायचं बजेट नाही, प्लगइनही नको.

तर खोटा पॉज तुम्ही कसा पकडता, आणि मंथली रिपोर्टमध्ये पॉज वजा केलेला वेळ आणि कस्टमरने प्रत्यक्ष थांबलेला वेळ असे दोन्ही आकडे देता की एकच?