मदत हवी आहे: दुसऱ्या बँकेच्या एटीएमने बाबांचं कार्ड गिळलं (गुहागर)

वाडीकर_मुलुंड: गणपतीसाठी गावी आलेय. काल संध्याकाळी बाबांचं कार्ड घेऊन गुहागरच्या बाजारातल्या एटीएममध्ये गेले. पिन टाकला, रक्कम टाकली आणि तेवढ्यात लाईट गेली. आमच्याकडे पावसात हे नेहमीचंच. थोड्या वेळाने मशीन परत सुरू झालं, पण कार्ड बाहेर आलं नाही. पैसे कापल्याचा मेसेज नाही. मशीन एका बँकेचं, कार्ड दुसऱ्या बँकेचं, आणि बाबांच्या बँकेची शाखा चिपळूणला. बाबा ७४ वर्षांचे, पेन्शन याच खात्यात येते. कार्ड परत मिळवायला कुठल्या बँकेत जाऊ? मला परवा मुंबईला निघायचंय.

खाडीकाठ: ज्या बँकेचं मशीन, तिथे जा. आधार दाखवलं की मॅनेजर मशीन उघडून कार्ड काढून देतो. माझं दिलं होतं दुसऱ्या दिवशी.

माजी_कॅशियर: खाडीकाठ, तुमचं कार्ड त्याच बँकेचं असणार आणि मशीन शाखेला लागून. तेव्हा शाखा ओळख पटवून देते कधीकधी. इथे कार्ड परक्या बँकेचं आहे. असं कार्ड सापडलं तरी साधारणपणे हातात देत नाहीत, कापून टाकतात. शिवाय बाजारातलं सुटं मशीन बहुतेक वेळा पैसे भरणाऱ्या एजन्सीच्या ताब्यात असतं, ते शाखेतून कोणी उघडत नाही. म्हणून कार्डाच्या मागे लागू नका, नवीन काढा.

ताई, आधी एक सांगा. मशीनवर चिकटवलेल्या एखाद्या नंबरवर फोन केलात का? किंवा कोणी 'परत पिन टाकून बघा' असं सांगायला आलं होतं?

वाडीकर_मुलुंड: नाही, आम्ही दोघंच होतो. काचेवर पेनाने लिहिलेला एक मोबाईल नंबर होता, पण लावला नाही.

माजी_कॅशियर: उत्तम. तो नंबर बँकेचा नसतोच. फसवणुकीच्या प्रकारात खाचेत आधीच काहीतरी अडकवलेलं असतं. कार्ड आत जातं, पण स्क्रीन 'कार्ड घाला' असंच म्हणत राहते. तुमचा व्यवहार पिनच्या पुढे गेला होता, म्हणजे हा लाईटचाच प्रताप. तरीही मशीन पुन्हा सुरू होताना कधीकधी कार्ड बाहेर फेकतं, आणि तेव्हा पुढे कोण उभं असेल सांगता येत नाही. म्हणून आत्ताच पासबुकावरच्या नंबरवर बाबांच्या मोबाईलवरून फोन करा आणि कार्ड कायमचं बंद करायला सांगा. ॲपमधलं तात्पुरतं बंद पुन्हा चालू करता येतं, इथे त्याचा उपयोग नाही. तक्रार क्रमांक आणि वेळ लिहून ठेवा. पुढे कोणी कार्ड वापरलंच तर कधी कळवलं होतं याला महत्त्व असतं.

कणकवलीकर: माका तर मशीनीन पैसेच दिले नाय, मेसेज मात्र इलो चार हजार गेले म्हणान. तेचा काय करूचा?

माजी_कॅशियर: तो वेगळा प्रकार. तक्रार तुमच्याच बँकेत करा, मशीन कोणाचंही असो. व्यवहाराच्या दिवसानंतर ५ दिवसांत पैसे परत जमा व्हायला हवेत, त्यापुढे रोजचे १०० रुपये भरपाई. रिझर्व्ह बँकेचा २०१९ पासूनचा नियम आहे. ३० दिवसांत दाद लागली नाही तर लोकपालाकडे जाता येतं.

वाडीकर_मुलुंड: कार्ड बंद केलं, क्रमांक मिळाला. नवीन कार्ड पोस्टाने पाठवतो म्हणाले, आणि खात्यावर पत्ता आमच्या डोंबिवलीच्या जुन्या घराचा निघाला! ते घर विकून झालं.

माजी_कॅशियर: बरं झालं आत्ता निघाला. अर्ज लगेच करू नका, आधी पत्ता बदला, नाहीतर कार्ड डोंबिवलीला जाऊन परत बँकेत येईल आणि तुम्ही वाट बघत बसाल. उद्या बाबांना घेऊन चिपळूणला जाता आलं तर सर्वात बरं. पासबुक, आधार आणि नोंदवलेल्या नंबरचा मोबाईल न्या. शाखेत बिननावाचं तयार कार्ड असेल तर त्याच दिवशी हातात मिळतं. नवीन कार्डाचं शुल्क आणि वर जीएसटी खात्यातून कापतात. पिन मात्र नव्याने तयार करावा लागेल, जुना चालणार नाही. आणि पैसे हवे असतील तर कार्ड लागतच नाही, त्याच शाखेत पासबुक आणि स्लिपवर काढा.

सुरंगी: बाबांच्या फोनवर यूपीआय असेल तर ते चालूच राहील, ते खात्याला जोडलेलं असतं. काही एटीएमवर क्यूआर स्कॅन करून रोख पण मिळते. पण गुहागरच्या मशीनवर तो पर्याय आहे का, बघावं लागेल.

वाडीकर_मुलुंड: यूपीआय नाही, साधा फोन आहे. आणि बाबांचे गुडघे बघता चिपळूणपर्यंत एसटीने नेणं कठीणच. मी एकटी त्यांची सही घेऊन गेले तर चालेल का?

माजी_कॅशियर: पत्त्याच्या अर्जावर सही चालेल, पण तयार कार्ड दुसऱ्याच्या हातात द्यायला बऱ्याच शाखा नकार देतात. निघण्याआधी फोन करून विचारा.

सुरंगी: ७० वर्षांपुढच्या लोकांना घरपोच सेवा द्या असं रिझर्व्ह बँकेने बँकांना सांगितलेलं आहे ना?

माजी_कॅशियर: सांगितलेलं आहे. पण शाखेपासून एवढ्या लांबच्या वाडीत कोणी आलेलं मी तरी पाहिलं नाही. कोणाला अनुभव असेल तर लिहा, ताईंना उपयोग होईल.