रेंज नसताना नकाशा आणि लाइव्ह लोकेशन : तुमचे अनुभव लिहा

गेल्या महिन्यात आम्ही तिघं खिरेश्वरहून तोलार खिंडीमार्गे हरिश्चंद्रगडावर गेलो. सकाळी साडेसातला खुबी फाट्यावरून ताईला व्हॉट्सॅपवर ८ तासांचं लाइव्ह लोकेशन पाठवलं. खिंडीच्या आधीच रेंज गेली. दुपारी ताई बघते तर ठिपका सकाळपासून एकाच जागी! खाली बारीक अक्षरात शेवटची वेळ होती, ती कोण वाचतंय. माझ्या फोनवर मात्र निळा ठिपका बरोबर वाटेवरून चालत होता. असं कसं? तुमचेही किस्से येऊ द्या.

वाटाड्या : जीपीएस फक्त उपग्रहांचं ऐकतं, त्याला टॉवर लागत नाही. पण ऐकलेलं ताईपर्यंत पोचवायला नेट हवं. मी आदल्या रात्री नकाशा उतरवतो आणि घरीच एअरप्लेन मोड लावून तो उघडतो का बघतो. गूगलच्या उतरवलेल्या नकाशात रस्ता मिळतो तो गाडीचा, पायवाटेचा नाही. त्यासाठी ऑर्गॅनिक मॅप्स किंवा ऑसमँड. तिथल्या वाटा लोकांनीच नोंदवलेल्या असतात, त्यामुळे एखादी ढोरवाटही ऐटीत दिसते. आणि रेंज जायच्या आत घरी साधा एसएमएस टाकतो : 'आता खिंडीकडे. रात्री ९ पर्यंत फोन नाही आला तर गावात विचारा.' एका कांडीवर नेट रडतं, पण एसएमएस बऱ्याचदा जातो.

दगडू_पुणे : एअरप्लेन मोडमध्ये जीपीएस बंद पडतं हो. मी नुसता डेटा बंद करतो.

वाटाड्या : जुन्या काही फोनांत पडायचं. हल्लीच्या बहुतेक फोनांत लोकेशन चालू असेल तर चालतं. नेट नसताना पहिला ठिपका यायला मात्र वेळ लागतो, झाडीतून बाहेर येऊन दोन-तीन मिनिटं थांबायचं. नुसता डेटा बंद केलात तर फोन टॉवर शोधत बसतो आणि संध्याकाळपर्यंत बॅटरी खातो.

सुमेधा : जूनमध्ये लडाखला निघालोय. तिथे कुठलं सिम चालेल?

वाटाड्या : धागा वेगळा आहे, पण महाराष्ट्रातलं प्रीपेड तिथे चालत नाही. पोस्टपेड न्या.

गुहागरकर : आमचे बाबा गाडीने येताना घाटात ठिपका थांबला, तो खाली रेंज आल्यावरही हलेना. भाऊ म्हणतो बॅटरी सेव्हरने ॲप झोपवलं. मला पटलेलं नाही, कारण मेसेज येत होते.

धागाकर्ता : आमचंही तेच! पाच वाजता कोकणकड्यावर दोन कांड्या होत्या, तरी ठिपका ढिम्म.

दगडू_पुणे : साडेसातला आठ तास लावले ना? मग साडेतीनलाच मुदत संपली की.

धागाकर्ता : अरेच्चा. म्हणजे ताईला साडेतीनला 'संपलं' असं दिसलं असणार. तिच्या सतरा मिस्ड कॉलमधला पहिला ३.३४ चा आहे.