एकरी एकेक बॅग, की कागदावरच्या आकड्यांचा हिशेब?

कुहीवाला
तीन एकर कोरडवाहू कपाशी आहे. माती परीक्षणाच्या कागदावर नत्र, स्फुरद, पालाश हेक्टरी ६०:३०:३० किलो अशी शिफारस लिहून दिली. युरियावर ४६ टक्के लिहिलं असते म्हणून ६० चे ४६ टक्के काढले, तं २७.६ किलो आले. तसंच सुपर फॉस्फेट ४.८ किलो. कृषी केंद्रवाला म्हणते, हिशेब सोडा भाऊ, युरिया, सुपर, पोटॅश एकरी एकेक बॅग फेका. कोणाचं खरं मानू?

निवृत्त कृषी सहायक
दोघांचंही नाही. तुम्ही गुणाकार केला, तिथे भागाकार हवा होता. १०० किलो युरियात नत्र ४६ किलोच असतं, म्हणजे ६० किलो नत्रासाठी युरिया ६० किलोपेक्षा जास्तच लागणार. उत्तर कमी आलं की तिथेच थांबायचं. पावणेपाच किलो सुपर अडीच एकरांत पसरून बघा, एका तासालाही धड पुरणार नाही.

आता करा. ६० ला ४६ ने भागून १०० ने गुणलं की १३० किलो युरिया. सुपर फॉस्फेटमध्ये स्फुरद १६ टक्के, म्हणून १८७.५ किलो. पोटॅशमध्ये पालाश ६० टक्के, म्हणून बरोबर ५० किलो. हे झालं हेक्टरचं. शंभरातले निम्मे लोक इथेच दुसऱ्यांदा चुकतात, हेक्टरचा आकडा एकरात टाकून मोकळे होतात. अडीचने भागा: एकरी ५२ किलो युरिया, ७५ किलो सुपर, २० किलो पोटॅश.

सावनेरकर
साहेब, कागदावर हे लई छान दिसते. ५२ किलो युरिया मोजायला शेतात काटा घेऊन बसू का? बॅग फोडली की ती संपवा लागते, नाहीतं ओल धरते. मी वीस वर्षांपासून एकरी एकेक बॅगच टाकतो न राजेहो, पऱ्हाटी कधी उपाशी राहिली नाही.

निवृत्त कृषी सहायक
मग तुमच्या एकेक बॅगेचाही हिशेब करू. युरियाची बॅग आता ४५ किलोची, त्यात नत्र २०.७. हवं होतं २४, म्हणजे फार बिघडलं नाही. सुपरच्या ५० किलोत स्फुरद ८, हवं होतं १२. तिसरा हिस्सा कमी पडला. आणि पोटॅशच्या बॅगेत पालाश ३०, हवं होतं १२! तिघांत सगळ्यात महाग बॅग तीच, आणि नेमकी तीच अडीचपट पडतेय. बॅगा तीन असल्या तरी त्यांच्या पोटातला माल सारखा नाही.

बॅग संपवायचीच असेल तर एकराऐवजी पूर्ण वावराचा हिशेब धरा. कुहीवाल्यांच्या तीन एकरांना युरिया १५६ किलो, म्हणजे साडेतीन बॅगा. सुपर २२५ किलो, साडेचार बॅगा. पोटॅश ६० किलो, सव्वा बॅग म्हणा. अर्ध्या बॅगा उरतात खऱ्या, पण दोघा शेजाऱ्यांनी मिळून आणल्या तर तेही राहत नाही.

बीएस्सी ॲग्री, दुसरं वर्ष
सर, सुपरचा आकडा चुकतोय असं वाटतं. शिफारस P ची आहे आणि बॅगवर P2O5 असतं. P ला २.२९ ने गुणल्यावर P2O5 मिळतं. म्हणजे ३० किलोचे ६८.७ होतील आणि हेक्टरी सुपर जवळपास ४३० किलो लागेल.

निवृत्त कृषी सहायक
२.२९ बरोबर आहे, जागा चुकली. आपल्याकडे शिफारस लिहिताना नत्र सरळ N धरतात, पण स्फुरद आणि पालाश P2O5 आणि K2O च्या रूपातच मोजतात. बॅगवरही तेच छापलेलं असतं. दोन्हीकडे एकच माप असताना मध्ये गुणायचं काही कारण नाही. शोधनिबंधात कोणी शुद्ध P दिला असेल तिथे हा आकडा कामी येईल. ४३० किलो कोणाला सांगू नका बाबू, शिव्या तुम्हाला नाही, आम्हाला बसतात.

काटोलवाला
माझ्याकडे संत्र्याची बाग आहे. माझ्या कागदावर ८००:३००:६०० आहे. वरच्या हिशेबाने तर हेक्टरी सतराशे किलो युरिया येतो! एवढा तर माझ्या अख्ख्या गल्लीत नसेल.

हिंगण्याची शेतकरीण
दादा, ते ग्रॅममध्ये असेल, आणि एका झाडाला. कागद पुन्हा बघा. भागाकार तोच राहतो: झाडाला १ किलो ७४० ग्रॅम युरिया, १ किलो ८७५ ग्रॅम सुपर, १ किलो पोटॅश. हेही मोठ्या झाडाचं, लहान झाडाला एवढं नाही.

सावनेरकर दादांच्या काट्यावरून माझं सांगते. मी पण डब्यानेच टाकत होते. मागच्या वर्षी किराणा दुकानात एकाच डब्यात आधी युरिया आणि मग सुपर भरून तोलला, तर सुपर चांगलाच जड भरला. म्हणजे 'दोन डबे याचे, दोन डबे त्याचे' म्हणत मी किती वर्षं काय टाकत होते, देव जाणे. आता डब्यावर आतून दोन खुणा केल्या आहेत, एक युरियाची, एक सुपरची. शेतात काटा नेत नाही.

आणि युरिया, सुपर आदल्या रात्री मिसळून ठेवू नका. आम्ही ठेवलं होतं. सकाळी घमेल्यात नुसता गारा, मजुरांच्या हाताला चिकटत होतं.

सावनेरकर
डब्याचं पटलं. पण मग सुपरच्या साडेचार बॅगा वाहण्यापेक्षा डीएपी काऊन नाही?

निवृत्त कृषी सहायक
चालतं की, पण मग त्यातलं नत्र वजा करा लागते, ते कोणी करत नाही. एकरी १२ किलो स्फुरदासाठी डीएपी २६ किलो पुरतो. त्यातून नत्र पावणेपाच किलो येतं, म्हणून युरिया ५२ ऐवजी ४२ किलो. गंधक मात्र हातचं जातं. ७५ किलो सुपरमधून ते सव्वाआठ किलो मिळत होतं. तुमच्या जमिनीत गंधक कमी असेल तर मी सुपर वाहीन.

कुहीवाला
कागद आता नीट पाहिला. जमिनीतलं पालाश हेक्टरी ४१० किलो, पुढे 'भरपूर' लिहिलं आहे. मग पोटॅशचे २० किलो तरी कशाला?

सावनेरकर
आता बोलले! काळ्या मातीत पोटॅश असतेच. मी तं यंदापासून बंद करतो.

निवृत्त कृषी सहायक
काल एकरी एक बॅग, आज शून्य? आम्ही 'भरपूर' आलं की शिफारशीतून पाव भाग कमी करायचो, म्हणजे एकरी १५ किलो. बोंडं भरताना कपाशी पालाश खूप ओढते, आणि जमिनीत असलेला सगळाच त्या दिवसांत हाताशी येतो असं नाही.

हिंगण्याची शेतकरीण
माझ्या भारी जमिनीत दोन वर्षं पोटॅश घातलं नाही, फरक दिसला नाही. पण मी बाजूला घातलेला पट्टा ठेवला नव्हता, त्यामुळे ठामपणे सांगता येणार नाही.

कुहीवाला
मग मी असं करतो. सुपर ७५ किलो पेरतानाच, बियाच्या बाजूला मातीत. युरियाचे दोन भाग, २६ किलो पेरणीला आणि २६ किलो महिन्याभराने, ओल पाहून डवऱ्याच्या आधी. पोटॅश दोन एकरांत १५ किलोच्या हिशेबाने, अन् नाल्याकडच्या एका एकरात नाही.

सावनेरकर
नाल्याकडचं वावर तसंही गाळाचं आहे न भाऊ, तिकडे पऱ्हाटी आपोआपच चांगली येते. बिनपोटॅशचा एकर दुसरा निवड.